बिबट्याबद्दलचे पन्नास प्रश्न एका पानात कसे बसवायचे

प्रश्न इतके का साचतात

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून वनखात्याचा जुन्नर विभाग होतो. कुकडी प्रकल्पाच्या धरणांचं पाणी कालव्यांनी खाली उतरलं आणि माळरानांच्या जागी ऊस उभा राहिला. जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावला भीमाशंकर असे दोन साखर कारखाने आहेत, त्यामुळे ऊस कमी होण्याचंही काही कारण नाही. बिबट्याला आडोसा लागतो, तो उसात मिळतो. पोटाला लागतं ते वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरं आणि डुकरं पुरवतात. इथले कित्येक बिबटे उसातच जन्मले, उसातच वाढले. डोंगरावरचं जंगल त्यांनी पाहिलेलंच नाही. 2024 साली या चार तालुक्यांतली 233 गावं बिबट्याच्या दृष्टीने आपत्तीप्रवण म्हणून जाहीर झाली.

अशा ठिकाणी बिबट्याबद्दल प्रश्न कमी असणं शक्यच नाही. ग्रामसभेत, दूध संकलन केंद्रावर, शाळेच्या पालकसभेत, वनरक्षकाच्या फोनवर, सगळीकडे तेच चालू असतं. मग कुणीतरी मन लावून सगळे प्रश्न गोळा करतं, प्रत्येकाखाली उत्तर लिहितं आणि बिबट्याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या पन्नास-साठ प्रश्नांची पुस्तिका तयार होते. बिबट्या आणि वाघात फरक काय, बिबट्या किती वर्षं जगतो, एका वेळी किती पिल्लं होतात, तो झाडावर का चढतो, कायद्याच्या कुठल्या अनुसूचीत आहे, असं सगळं क्रमाने. माहिती बरोबर असते, मेहनतही खरी असते. फक्त रात्री साडेनऊला गोठ्यामागे शेळी ओरडते तेव्हा ही पुस्तिका कुणी उघडत नाही.

तेव्हा प्रश्न असा आहे की या पन्नासांतले कुठले चार-पाच निवडून एका पानावर घेतले, म्हणजे विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांचं काम भागेल. निवड कशी करायची, हे इथे बिबट्याच्याच उदाहरणाने पाहू.

विषय बाजूला, वेळ पुढे

लांबलचक यादी बनवणारा माणूस प्रश्न विषयवार लावतो: बिबट्याची ओळख, सवयी, कायदा, खबरदारी, भरपाई. ही मांडणी पाठ्यपुस्तकाची झाली. विचारणाऱ्याच्या डोक्यात विषय नसतो, प्रसंग असतो. तो अंधारात उभा असतो, नाहीतर उसाच्या फडात, नाहीतर मेलेल्या शेळीजवळ.

म्हणून यादी कापायची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक प्रश्नापुढे एकच गोष्ट लिहायची: हा प्रश्न माणूस कुठे आणि कुठल्या घटकेला विचारतो? हे घरात बसून ठरत नाही. ज्याच्याकडे फोन येतात त्या वनरक्षकाकडून किंवा वनपालाकडून एक वही ठेवून घ्यावी. प्रश्न लिहायचा, तो शक्य तितका विचारणाऱ्याच्याच शब्दांत, आणि पुढे प्रसंग. प्रसंगवार रेघा मारत गेलं की चित्र लवकर दिसू लागतं.

फक्त एका गोष्टीचं भान ठेवावं. पावसाळ्यातली वही आणि ऊसतोडीच्या हंगामातली वही सारखी नसते. ऊस उभा असताना लोक ‘दिसला’ म्हणून फोन करतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोड सुरू झाली की ‘पिल्लं सापडली’ म्हणून फोन येऊ लागतात. एकाच मोसमाच्या नोंदीवर पान बेतलं तर उरलेलं अर्धं वर्ष ते निरुपयोगी ठरतं.

असं लावत गेलं की बहुतेक प्रश्न चार प्रसंगांत जाऊन बसतात. अंधारात बाहेर आहे. फडात पिल्लं दिसली. जनावर मारलं गेलं. आणि चौथा प्रसंग म्हणजे गावात संताप आहे, ‘पिंजरा कधी लावणार?’ उरतात ते कुतूहलाचे प्रश्न. ते वाईट नाहीत, पण त्यांच्यासाठी कुणाला घाई नसते.

अंधारात बाहेर: सात प्रश्नांचं एक उत्तर

या गटातले प्रश्न शब्दशः पाहण्यासारखे आहेत. दिसला तर पळावं का? बॅटरी डोळ्यांवर मारावी का? मोबाईलवर गाणी लावून पाणी धरायला गेलं तर चालतं का? फटाका वाजवावा का? दुचाकीच्या मागे लागतो का? खुरपताना बायकांनी काय करायचं? पोरांना शाळेत एकटं पाठवावं का?

पुस्तिकेत या सातांना सात उत्तरं असतात आणि ती एकमेकांना छेद देतात. एकात आवाज करा म्हटलेलं असतं, दुसऱ्यात शांत राहा. वाचणाऱ्याला दोन्ही आठवतात आणि ऐन वेळी काहीच सुचत नाही. खरं तर सातही प्रश्नांच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. पहिली, बिबट्याला आपण येतोय हे आधी कळावं, म्हणजे तो स्वतःच बाजूला होतो. दुसरी, आपण त्याला भक्ष्यासारखे दिसू नये. वाकलेला, उकिडवा बसलेला किंवा पळणारा माणूस त्याच्या नजरेत उभ्या माणसापेक्षा फार वेगळा असतो. लहान मूल तर उंचीनेच त्याच्या नेहमीच्या शिकारीच्या मापाचं. हल्ल्यांत मुलांचा बळी वारंवार जातो त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

ही दोन कारणं हाताशी आली की उत्तर आपोआप आटोपशीर होतं:

“अंधार पडल्यावर एकट्याने जाऊ नका. जावंच लागलं तर बॅटरी घ्या आणि बोलत किंवा गाणी लावून चाला. बिबट्या दिसला तर ताठ उभे राहा, पळू नका, खाली बसू नका. मोठ्याने ओरडा, पाठ न दाखवता हळूहळू मागे या आणि त्याला निघून जायला वाट ठेवा. घोळका करून त्याला घेरू नका. लहान मुलांना दिवेलागणीनंतर अंगणातही एकटं सोडू नका.”

‘शांत राहा’ यातून काढून टाकलं आहे. त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने लावतो आणि घाबरलेल्या माणसाला तसं सांगून उपयोगही होत नाही. ‘त्याला वाट ठेवा’ हे मात्र मुद्दाम ठेवलं, कारण कित्येकदा माणसं जखमी होतात ती विहिरीभोवती, गोठ्याभोवती किंवा ओढ्यात बिबट्याला घेरून मोबाईल वर धरणाऱ्या गर्दीत.

याच गटात एक प्रश्न असा येतो की त्याचं उत्तर वनखात्याकडे नाही: रात्रीचं पाणी धरायचंच कशाला लावता? शेतीपंपाला थ्री-फेज वीज पाळीने मिळते तिथे पाळी रात्रीची आली की शेतकऱ्याला रात्रीच रानात जावं लागतं. ‘रात्री एकटे जाऊ नका’ असं छापलेला कागद या माणसाला थट्टाच वाटणार. म्हणून तिथे एक ओळ घालावी: दिवसा वीज मिळण्याचा निर्णय वीज कंपनीचा आहे, मागणी तिकडे करा, तोवर दोघं मिळून पाणी धरा. जे आपल्या हातात नाही ते स्पष्ट सांगितलं की बाकीच्या मजकुरावर विश्वास बसतो.

फडातली पिल्लं: यादीत नसलेला खरा प्रश्न

तोडीच्या हंगामात सरीत दोन-तीन पिल्लं सापडणं ही या भागात नवलाई राहिलेली नाही. मादी पिल्लं दाट उसात ठेवते, कोयते जवळ येतात तशी ती बाजूला सरकते आणि पिल्लं उघडी पडतात. पुस्तिकेतले प्रश्न असे: पिल्लांना दूध पाजावं का? हात लावला तर माणसाच्या वासाने आई त्यांना टाकून देते का? आई परत येते का? ही बिबट्याचीच आहेत कशावरून?

शेवटचा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. वाघाटी नावाचं छोटं रानमांजर याच उसात राहतं आणि त्याची पिल्लं बिबट्याची म्हणून अनेकदा आणून दिली जातात. पण फडातल्या माणसाला हा भेद कळण्याची गरज नाही. दोन्ही बाबतींत त्याने करायचं ते एकच आहे: हात न लावता कळवायचं. म्हणजे वाघाटीवरचा अख्खा परिच्छेद पानातून सहज गळतो. यातून कापण्याचा एक चांगला निकष मिळतो. उत्तर कळल्याने वाचणाऱ्याच्या वागण्यात फरक पडणार नसेल तर ते उत्तर या पानावर नको, ते पुस्तिकेतच राहू दे.

आता जो प्रश्न कुठल्याही यादीत सापडत नाही, पण फडावर उभं राहिलं की लगेच ऐकू येतो तो पाहू. मुकादम विचारतो, “साहेब, तोड किती दिवस बंद ठेवायची?” टोळीचा हिशोब टनावर असतो. काम थांबलं की मजुरी थांबली, गाडी रिकामी उभी राहिली आणि शेतकऱ्याला तोडणीची पाळी हुकण्याची धास्ती. या प्रश्नाला उत्तर नसलं की पिल्लं गुपचूप बांधावर ठेवली जातात किंवा पिशवीत घालून गावात आणली जातात. मग रात्री मादी त्यांना शोधत वस्तीभोवती फिरते आणि सगळ्या गावाची झोप उडते.

प्रत्यक्षात होतं ते असं. खात्याची माणसं आणि पशुवैद्य येऊन पिल्लं तपासतात. जखम, अशक्तपणा काही नसेल तर संध्याकाळच्या आत ती सापडली त्याच जागी क्रेटमध्ये किंवा टोपलीत ठेवतात आणि शेजारी कॅमेरा लावतात. माणसं दूर होतात. मादी बहुधा त्याच रात्री येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. माणसाच्या वासाने ती पिल्लं टाकते हा समज खरा असता तर पशुवैद्यांनी हाताळलेली पिल्लं तिने नेलीच नसती. पहिल्या रात्री ती आली नाही तर पुढच्या रात्री पुन्हा प्रयत्न करतात. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राने आणि वनखात्याने मिळून या भागात अशा कित्येक मायलेकरांच्या भेटी घडवल्या आहेत.

हे सगळं पानावर यायला नको. येतं ते इतकंच:

“पिल्लं दिसली की त्या जागेची तोड थांबवा, पिल्लांना हात लावू नका, आई जवळच असते. लोकांना लांब करा आणि 1926 या वनखात्याच्या नंबरवर कळवा. पिल्लं त्याच जागी राहिली तर आई बहुधा त्याच रात्री नेते आणि तोड पुन्हा सुरू करता येते. पिल्लं हलवली तर आई शोधत राहते आणि तुमचंच काम जास्त दिवस अडतं.”

शेवटची दोन वाक्यं मुकादमासाठी आहेत. प्राण्याविषयी दया दाखवा असं लिहूनही चाललं असतं. पण फडातल्या माणसाने पिल्लं हलवू नयेत हे साधायचं असेल तर त्याच्या खोळंब्याला उत्तर देणारं वाक्यच कामाला येतं.

ऊसतोडीच्या टोळ्या बीडसारख्या जिल्ह्यांतून येतात आणि कोप्यांत, उघड्यावर झोपतात. त्यांच्यासाठी छापील कागद पुरेसा नाही. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याच्या शेतकी विभागाने मुकादमांना हे चार मुद्दे तोंडी सांगावेत आणि मुकादमांनी ते टोळीला सांगावेत. मजकूर चार वाक्यांत असला तरच तो तोंडी टिकतो. दहा झाली की तिसऱ्या माणसापर्यंत जाताना त्यातली सहा बदललेली असतात.

शेळी गेल्यावर: दोन ओळी ज्या चुकल्या तर पैसे जातात

भरपाईवरचे प्रश्न संख्येने सगळ्यांत जास्त असतात आणि पुस्तिकेत त्यांनीच सगळ्यांत जास्त पानं खाल्लेली असतात. कुणाला किती, कागद कुठले, पंच कोण, पैसे किती दिवसांत, अर्ज कुठे. यातलं बरंचसं पंचनाम्याला येणारा कर्मचारी समोर बसून सांगतोच. तो येण्याआधी शेतकऱ्याने काय केलं यावर मात्र सगळं अवलंबून असतं आणि ते त्याला दुसरं कुणी सांगत नाही.

दोन गोष्टी आहेत. घटना 48 तासांच्या आत कळवायची. आणि पाहणी होईपर्यंत मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. दुसरी गोष्ट माणसं सर्रास चुकतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सकाळी अंगणात मेलेली शेळी, घरात लहान पोरं, वास सुटायची भीती, म्हणून माणूस खड्डा खणून मोकळा होतो. मग दातांच्या खुणा, ओढत नेल्याची रेघ, पावलांचे ठसे काहीच उरत नाही आणि ही बिबट्याने मारली की कुत्र्यांनी, हे ठरवायला आधार राहत नाही.

“जनावर मेलं तर ते हलवू नका, झाकून ठेवा आणि जागेवरच फोटो काढा. 48 तासांच्या आत वनरक्षकाला किंवा 1926 वर कळवा. मेलेल्या जनावरावर औषध टाकू नका, तो गुन्हा आहे आणि त्याने भरपाईही जाऊ शकते.”

औषध टाकण्याबद्दल फोनवर कुणी विचारत नाही, आणि तरीही ती ओळ हवी. त्यावर पुढे बोलू.

रकमांचं काय करायचं? पशुधनाला बाजारभावाच्या 75 टक्के, पण ठरलेल्या कमाल रकमेच्या आत, हे सूत्र आहे. कमाल रकमा मात्र शासन निर्णयाने बदलतात. माणसाच्या मृत्यूनंतरची मदत अलीकडच्या काही वर्षांतच 20 लाखांवरून 25 लाखांवर गेली. म्हणून बदलणारे आकडे मुख्य पानावर छापू नयेत. ते वेगळ्या पट्टीवर तारखेसह लिहून वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. मुख्य पान पाच वर्षं भिंतीवर राहतं. त्यावर जुना आकडा असला की कुणीतरी तो दाखवून भांडतो आणि मग त्याच पानावरची पळू नका, हलवू नका ही ओळही संशयास्पद होते.

‘पिंजरा लावा, लांब नेऊन सोडा’

सगळ्यांत कठीण गट हाच. प्रत्येक ग्रामसभेत हाच प्रश्न आधी येतो आणि बहुतेक माहितीपत्रकांत त्याला बगल दिलेली असते. ‘वन्यजीवांसह सहजीवन’ वगैरे लिहून पान संपतं. माझ्या मते हा प्रश्न वगळला तर बाकीचं पान कुणी मनावर घेणार नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात लागोपाठ बळी गेले, तेव्हा लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला होता. अशा वेळी ‘बिबट्या निसर्गाचा घटक आहे’ हे वाक्य वाचायला कोण थांबणार?

उत्तर मात्र याच मातीतलं आहे. 2001 नंतर जुन्नर विभागात कित्येक बिबटे उसातून पकडून लांबच्या जंगलांत सोडले गेले. ज्या भागात हे झालं तिथे माणसांवरचे हल्ले कमी व्हायचे सोडून कित्येक पटींनी वाढले आणि त्यांतल्या प्राणघातक हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. सोडणं थांबलं तेव्हा हल्लेही ओसरले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास करून 2011 मध्ये तो प्रसिद्ध केला आणि बिबट्यांच्या प्रश्नावर आज जगभर त्याचा आधार घेतला जातो. कारणं समजण्यासारखी आहेत. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, मूळ जागेकडे परतायला बघतो आणि वाटेत माणसांना सामोरा जातो. इकडे त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो, कारण ऊस आणि कुत्री होती तिथेच असतात.

एवढं सांगून थांबलं तर ते अर्धसत्य होईल. माणसांवर वारंवार हल्ले करणारा बिबट्या पकडावाच लागतो आणि कधी ठारही करावा लागतो. तशी परवानगी वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात, गावच्या वनरक्षकाच्या हातात ते नसतं. अडचण अशी की पिंजऱ्यात शिरतो तो हल्ला करणाराच असतो असं नाही. आमिषाच्या वासाने आधी कुठलाही येतो. म्हणून ठसे, कॅमेऱ्यातली छायाचित्रं, नमुन्यांची तपासणी हे सगळं करावं लागतं आणि वेळ जातो. पकडलेले ठेवायला माणिकडोहच्या केंद्रातली जागाही मर्यादित आहे.

“फक्त दिसला म्हणून बिबट्या पकडत नाहीत. लांब सोडलेल्या बिबट्यांमुळे इथेच 2001 नंतर हल्ले वाढले होते. माणसावर हल्ला झाला तर पिंजरे लागतात; परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात. हल्ल्याच्या जागेवर गर्दी करू नका, ठसे पुसले जातात.”

हे उत्तर वाचून कुणाचं समाधान होईल असं नाही. विचारणाऱ्याला पुढच्या फोनवर तेच विचारावं लागणार नाही, एवढी अपेक्षा ठेवावी.

क्वचित विचारलं जाणारं, तरी काढता न येणारं

वारंवारतेच्या हिशोबाने पान बनवण्यात एक खड्डा आहे. काही प्रश्न क्वचितच येतात, पण तेव्हा उत्तर चुकलं तर जीव जातो. काही गोष्टी तर कुणी विचारतच नाही, कारण माणसाला आपण चुकतोय हेच ठाऊक नसतं. मेलेल्या शेळीवर औषध टाकणं त्यातलंच. विष फक्त बिबट्याला लागत नाही, कुत्री, घारी, कोल्हे सगळेच त्यात जातात.

दुसरी गोष्ट जखमेची. बिबट्याने ओरखडलं आणि माणूस वाचला, की घरचे हळद दाबतात आणि फार खोल नाही म्हणून दवाखाना टाळतात. रानातल्या मांसाहारी प्राण्याचा चावा किंवा ओरखडा हा रेबीजच्या दृष्टीने सर्वांत गंभीर वर्गात मोडतो. म्हणून पाचवं उत्तर हे:

“जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. लहान ओरखडा असला तरी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. उपचाराचे कागद जपून ठेवा, मदतीसाठी लागतात.”

वहीत या प्रश्नापुढे फार रेघा नसतील. तरीही पानावर त्याची जागा पक्की.

काय गळलं आणि कसं तपासायचं

बिबट्या आणि वाघातला फरक, आयुर्मान, पिल्लांची संख्या, कायद्याची अनुसूची, वाघाटी, कुंपणाचे प्रकार, भरपाईचे अर्ज, हे सगळं पुस्तिकेत परत गेलं. ती फेकायची नाही. वनपरिक्षेत्र कार्यालयात, शाळेच्या ग्रंथालयात ती राहू द्यावी. मुलं आणि शिक्षक ती आवडीने वाचतात. फक्त ती आणि हे पान यांची सरमिसळ करू नये.

पान तयार झालं की छापण्याआधी ते गावातल्या दोन-तीन माणसांना दाखवावं, पण ‘कसं वाटलं?’ असं विचारू नये. सगळे चांगलं म्हणतात. त्याऐवजी प्रसंग सांगावा: रात्री गोठ्यात आवाज आला, सकाळी कालवड मेलेली आहे. आता काय कराल? माणूस पानावर बोट फिरवतो आणि कुठे अडखळतो ते पाहायचं. ‘कळवा’ म्हणजे कुणाला, असं त्याने विचारलं तर नंबर चुकीच्या ओळीत आहे. ‘हलवू नका म्हणजे किती वेळ?’ असं विचारलं तर ‘पाहणी होईपर्यंत’ हे शब्द परत घालावे लागतात. पाच-दहा शब्द वाचवण्याच्या नादात अर्थ गेला असेल तर तो असाच उघडा पडतो.

मग पान लावून झाल्यावर वनरक्षकाची वही पुन्हा चालू करावी. पानावर उत्तर असलेला प्रश्न तितक्याच वेळा येत राहिला तर दोन शक्यता. एक तर पान चुकीच्या जागी आहे: ग्रामपंचायतीच्या आतल्या भिंतीवर लावलेलं दूध घालायला आलेल्या बाईला दिसत नाही, ते संकलन केंद्राच्या दाराशी हवं. नाहीतर उत्तर बरोबर असूनही लोकांना ते पटलेलं नाही, आणि पिंजऱ्याच्या बाबतीत बहुधा हेच होतं. पहिल्यासाठी जागा बदलायची. दुसऱ्यासाठी शब्द बदलून काही होत नाही, तिथे वनपालाला ग्रामसभेत उभं राहून 2001 नंतरचा इतिहास स्वतःच्या तोंडाने सांगावा लागतो. आणि पानावर नसलेला एखादा नवा प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागला, जसा मध्यंतरी रानात जाताना माणसांनी मानेला लावायच्या काटेरी पट्ट्यांविषयी येऊ लागला, तर आधी तो आहे त्याच पाच उत्तरांपैकी कुठल्यात बसतो ते पाहावं. ती पट्टी बाहेर रानात जाणाऱ्यासाठी आहे, म्हणजे पहिल्याच प्रसंगातली. पहिल्या उत्तरात एक वाक्य वाढवलं की काम झालं, सहाव्या उत्तराची गरज नाही.